शारीरिक शिक्षणाची श्रेणी कशाची? पालकांना एक पत्र

प्रगतिपुस्तकं घरी गेली की आठवडाभरात काही पालक शाळेत येतात. बहुतेकांची विचारपूस गणित, इंग्रजीबद्दल असते. शारीरिक शिक्षणाच्या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पण जो पाहतो, त्याचा प्रश्न मात्र नेमका असतो. कामरगावात हा प्रश्न साधारण अशा शब्दांत येतो : "माहा पोरगा शर्यतीत पह्यला येते, त्याले ब-२. अन् जो शेवटी येते त्याले ब-१. हे कोनतं गनित व्हय, सर?"

प्रश्न रास्त आहे. 'खेळात भाग घेणं महत्त्वाचं' असं मोघम उत्तर देऊन त्याची बोळवण करणं बरं नव्हे, कारण त्यामागे खरोखरच थोडं शरीरशास्त्र आहे आणि थोडं गणितही. ते पालकांना समजेल अशा भाषेत सांगता येतं का, हे पाहण्यासाठी पुढचं पत्र लिहिलं आहे. शिक्षकांनी ते आपल्या गावाप्रमाणे, आपल्या वर्गाप्रमाणे बदलून घ्यावं. पत्राच्या शेवटी काही गोष्टी फक्त शिक्षकांसाठी आहेत.

कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम

प्रिय पालक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणाची जी श्रेणी आहे, ती कशी ठरवली हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. सोयाबीन, तूर, कपाशी पिकवणाऱ्या घरांतून आमची बहुतेक मुलं येतात, म्हणून शेतापासूनच सुरुवात करतो. एकाचं वावर काळं, कसदार. दुसऱ्याचं बरड, मुरमाड. दोघांनी एकच बियाणं पेरलं. पहिल्याला एकरी जास्त उत्पन्न झालं. आता कोणी म्हणालं की पहिला शेतकरी हुशार आणि दुसरा आळशी, तर तुम्ही हसाल. आधी जमीन पाहा, मग मशागत पाहा, असंच तुम्ही सांगाल. मुलांच्या बाबतीत शरीर ही जमीन आहे, आणि ती त्यांनी निवडलेली नाही.

सातवीच्या वर्गात मुलांना एका रांगेत उभं करून पाहा. काहींना मिसरूड फुटू लागलं आहे, काही अजून चौथीतली वाटतात. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या सुमारास, मुलींची बाराव्या वर्षाच्या सुमारास. पण ही सरासरी झाली. एखाद्या मुलात ही वाढ बाराव्या वर्षीच सुरू झालेली असते, तर एखाद्यात पंधरावं सरलं तरी ती नीटशी सुरू झालेली नसते. जन्मतारीख एकच असलेल्या दोन मुलांच्या शरीरांच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक असणं यात काहीही वेगळं नाही. डॉक्टर हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचं वय काढतात, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो.

वाढ लवकर सुरू झालेल्या मुलाचे पाय लांब होतात, स्नायू भरतात, हृदय मोठं होतं, आणि मुलग्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनही वाढतं. असा मुलगा धावला की पहिला येणारच. त्यात त्याची मेहनत असेल किंवा नसेल. नुसत्या शर्यतीवरून ते कळत नाही.

त्यात वर्गातल्या मुलांची खरी वयंही सारखी नसतात. एकाच वर्गातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात सहज वर्षभराचं अंतर असतं. (आपल्या पिढीत तर निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून असायची, कारण नाव दाखल करताना गुरुजींनी ती लिहून टाकलेली असायची. खरं वय कोणाला ठाऊक!) आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्याचा आठवा-नववा हिस्सा. फुटबॉल, हॉकी यांसारख्या खेळांत निवडलेल्या मुलांच्या जन्मतारखा अनेक देशांत तपासल्या गेल्या आहेत. निवडीचं वर्ष जिथून मोजतात त्याच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मलेली मुलं तिथे नेहमी जास्त भरतात. निवड करणाऱ्यांना वाटतं आपण गुण निवडतो आहोत. प्रत्यक्षात ते काही अंशी जन्माचे महिने निवडत असतात.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या मुलाचे नाहीत. सातवीतली दोन मुलं ६०० मीटर धावली. पहिल्याला २ मिनिटं २० सेकंद लागली, दुसऱ्याला ३ मिनिटं २० सेकंद. घड्याळ सांगतं की पहिला पूर्ण एक मिनिट पुढे. थांबल्याबरोबर दोघांनी मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला बोटं ठेवून १० सेकंद नाडी मोजली. पहिल्याचे २६ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १५६. दुसऱ्याचे ३२, म्हणजे मिनिटाला १९२. सकाळी शांत बसलेले असताना पहिल्याची नाडी ७८ होती आणि दुसऱ्याची ९०.

शाळकरी मुलांचं हृदय जास्तीत जास्त मिनिटाला साधारण २०० ठोके देऊ शकतं. शांत बसल्यावरचे ठोके आणि हे जास्तीत जास्त ठोके यांच्यामधलं अंतर म्हणजे हृदयाच्या हातातली शिल्लक. पहिल्याची शिल्लक २०० वजा ७८, म्हणजे १२२ ठोक्यांची. त्यातले त्याने ७८ ठोके वापरले, म्हणजे जेमतेम ६४ टक्के. दुसऱ्याची शिल्लक ११० ठोक्यांची. त्याने त्यातले १०२ वापरले, म्हणजे सुमारे ९३ टक्के. पहिला पोहोचला तेव्हा त्याच्याकडे बरंच काही उरलेलं होतं. दुसऱ्याने जवळजवळ सगळं खर्च केलं होतं. घड्याळ पाहिलं तर पहिला पुढे, आणि मेहनत पाहिली तर दुसरा.

इथे तुम्ही विचाराल, मग सरळ सुधारणेवर गुण द्या ना. जूनमध्ये किती वेळ लागला आणि डिसेंबरमध्ये किती, एवढं पाहा. सुधारणेला आम्ही गुण देतोच. पण सगळे गुण तिलाच देता येत नाहीत, आणि त्याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. १९९०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी 'हेरिटेज' नावाचा एक मोठा अभ्यास केला. व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांतल्या माणसांकडून त्यांनी २० आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, स्थिर सायकलवर मोजूनमापून व्यायाम करून घेतला. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं हे आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ झाली सुमारे ४०० मिलिलिटर. पण काहींच्यात जवळजवळ काहीच वाढ झाली नाही, आणि काहींच्यात १ लिटरहून जास्त झाली. व्यायाम सगळ्यांचा सारखा होता! १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग कुटुंबाकडून आलेल्या वारशाशी जोडता येतो. तो अभ्यास सतरा वर्षांवरच्या माणसांचा होता, त्यामुळे त्याचे आकडे शाळकरी मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण एवढं त्यातून दिसतं, की सारखी मेहनत करूनही सारखी सुधारणा होत नाही. शिवाय जो आधीच खूप वेगाने धावतो, त्याला सुधारायला जागाही कमी असते. नुसत्या सुधारणेवर गुण दिले तर तुमच्या पहिल्या येणाऱ्या मुलावरच अन्याय होईल.

म्हणून आम्ही श्रेणी तीन भागांची केली आहे. १०० पैकी ४० गुण कौशल्याचे : धावणं, उडी, झेल, तोल, खेळाचे नियम. २० गुण स्वतःच्याच मागच्या नोंदीपेक्षा झालेल्या सुधारणेचे. आणि ४० गुण सहभाग आणि प्रयत्नाचे. ही वाटणी आमच्या शाळेने ठरवली आहे, ती सरकारी आकडेवारी नव्हे. मात्र पहिली ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचं मूल्यमापन एका परीक्षेवर नाही, तर वर्षभरातल्या निरीक्षणावर आणि कृतींवर करायचं, हे राज्य शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने ठरलं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन ते हेच. भाषा-गणितासारखी सत्राच्या शेवटची संकलित परीक्षा या विषयाला नाही, सगळे गुण आकारिक मूल्यमापनाचे.

वरच्या दोन मुलांचे गुण आता मांडून पाहू. पहिल्याला कौशल्याचे ४० पैकी ३६, सुधारणेचे २० पैकी १०. सहभागात मात्र २२, कारण शर्यत नसलेल्या तासाला तो झाडाखाली बसून राहतो, आणि लहान मुलं संघात आली की खेळायला नकार देतो. बेरीज ६८, श्रेणी ब-२. दुसऱ्याला कौशल्याचे १८, सुधारणेचे १७, सहभागाचे ३६. बेरीज ७१, श्रेणी ब-१. फरक तीन गुणांचा आहे. शेवटी येणाऱ्याला आम्ही डोक्यावर बसवलेलं नाही, त्याचे कौशल्याचे गुण निम्मेच आहेत. पहिल्याने सहभागात दुसऱ्याइतकेच ३६ मिळवले असते, तर त्याची बेरीज ८२ झाली असती आणि श्रेणी अ-२. ते पूर्णपणे त्याच्या हातात आहे. दुसऱ्याचे पाय लांब होणं त्याच्या हातात नाही.

तरीही एक शंका उरते. गणितात आम्ही प्रयत्नाला गुण देत नाही, उत्तर चुकलं तर चुकलं. मग इथेच का? याचं उत्तर असं, की गणिताच्या तासाला मुलाला गणित यायला हवं असतं, आणि पाढे पाठ व्हायला हाडांची लांबी आड येत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला वर्गातल्या प्रत्येकाला धावपटू करायचं नसतं. शरीर रोज हलतं ठेवायची सवय लावायची असते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणजे रोज मैदानात उतरणं, न जमणारी गोष्ट पुन्हा करून पाहणं हाच इथला अभ्यासक्रम आहे. जे शिकवायचं तेच मोजायचं. उत्तम खेळाडूंच्या कौतुकाची सोय वेगळी आहेच : तालुका, जिल्हा, राज्य अशा स्पर्धा आहेत, आणि ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत वाढीव गुणही मिळतात.

शेवटी एक विनंती. तुमच्या मुलाला दम्याचा, हृदयाचा त्रास असेल, सिकल सेल असेल, मुलीला रक्त कमी असल्याचं आरोग्य तपासणीत सांगितलं असेल, तर आम्हाला येऊन सांगा. चारचौघांत सांगू नका, एकट्याला सांगा. त्या मुलांसाठी प्रयत्नाचा अर्थ वेगळा आहे, आणि त्यामुळे त्यांचे गुण कापले जाणार नाहीत.

आपला,
शारीरिक शिक्षण शिक्षक

पत्र इथे संपलं. आता शिक्षकांशी थोडं.

पहिली गोष्ट नाडीची. पत्रातलं उदाहरण पालकांना पटावं म्हणून आहे. नाडीवर गुण मात्र देऊ नयेत. १० सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाच्या हिशेबात ६ ठोक्यांची चूक होते. धावून थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, त्यामुळे जो उशिरा मोजायला लागला त्याचे ठोके कमी भरतात. जास्तीत जास्त २०० हा आकडाही सरासरीचा, एखाद्या मुलाचा १९० असेल, एखाद्याचा २१०. (२२० मधून वय वजा करायचं सूत्र पुष्कळ ठिकाणी दिलेलं असतं. मुलांना ते लागू पडत नाही, कारण लहानपणी हा आकडा वयाबरोबर फारसा बदलत नाही.) आणि ताप, ऊन, भीती, रक्ताची कमतरता यांनीही नाडी वाढते. फिकट दिसणाऱ्या मुलीची नाडी थोड्याशा चालण्यानेही १५० वर जात असेल, तर तिला मेहनती म्हणून शाबासकी देण्याआधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवावं. वर्गात नाडी मोजायला जरूर शिकवा, पाचवीपासूनची मुलं आवडीने मोजतात, त्यातून विज्ञानाचा एक छान तास होतो. पण ते आकडे मुलांच्या वहीत राहू द्यावेत.

मग प्रयत्न मोजायचा कशावर? डोळ्यांना दिसेल आणि दुसऱ्या शिक्षकालाही तसंच दिसेल, अशा कृतींवर. मूल वेळेवर मैदानात आलं का, शरीर गरम करायचे व्यायाम पूर्ण केले का, आपली पाळी पूर्ण घेतली का, जमलं नाही तेव्हा पुन्हा करून पाहिलं का, खेळत नसताना गुण लिहिणं, पंच होणं, साहित्य आणणं यात हात लावला का. एवढे पाच रकाने पुरतात. 'उत्साही आहे', 'शिस्तप्रिय आहे' असे रकाने नकोत. त्यात शिक्षकाची आवड-नावड शिरते, आणि शांत स्वभावाच्या मुलाचे गुण विनाकारण जातात. प्रयत्नाच्या गुणांवर सर्वांत मोठा आक्षेप हाच असतो की ते सरांच्या मर्जीचे गुण आहेत. नोंदवही मोघम असेल तर तो आक्षेप खराच ठरतो.

४५ मुलांकडे एका तासात लक्ष देणं शक्य नसतं. दर तासाला नऊच मुलं निवडावीत आणि त्यांची नोंद करावी. आज कोणाची नोंद आहे हे मुलांना सांगू नये. पाच तासांत सगळा वर्ग होतो. आठवड्याला दोन तास धरले तर बारा आठवड्यांत प्रत्येकाच्या चार-पाच नोंदी होतात. एका दिवसाच्या मूडवर श्रेणी ठरण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, कारण ती आपल्याकडे बोट दाखवते. सहभागाला गुण द्यायचे तर सहभागाची संधी आधी द्यावी लागते. खो-खोचंच पाहा. मैदानात एका बाजूचे नऊ खेळाडू, त्यातले आठ बसलेले आणि एक पाठलाग करणारा. समोरून तिघांची तुकडी आत आलेली. म्हणजे एका वेळी पळतात ते चौघे. वर्ग ४५ जणांचा असेल तर त्या क्षणी ४१ मुलं एकतर बसली आहेत किंवा उभी आहेत. खेळ उत्तम आहे, पण वर्गाच्या तासासाठी त्याचे तीन लहान डाव एकाच वेळी लावावे लागतात. बाद होण्याच्या खेळांचं तर आणखी वाईट. लंगडीत सर्वांत आधी बाद होतं ते सर्वांत कमी जमणारं मूल, आणि ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तेच सर्वांत जास्त वेळ बाहेर बसतं. नंतर त्याच्याच रकान्यात आपण 'सहभाग कमी' असं लिहितो. बाद झालेल्याने दहा उड्या मारून पुन्हा आत यायचं, एवढा नियम बदलला तरी हे टळतं. मुलींच्या बाबतीत कपडे, पाळीचे दिवस, मैदानाच्या कडेला उभे राहणारे बघे, हीही कारणं असतात. ती दूर न करता गुण कापले तर ती शिक्षा होते.

तिसरी गोष्ट धोक्याची. प्रयत्नाला गुण आहेत म्हटल्यावर काही मुलं जिवाच्या आकांताने धावतात. विदर्भात सिकल सेलचे रुग्ण आहेत. अशा मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं आणि त्याने अतिश्रम केले, तर वेदनांचा तीव्र झटका येऊ शकतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळच्या शाळेतही नऊनंतर मैदान तापतं, तेव्हा हा धोका निरोगी मुलांनाही असतो. अशा वेळी बोलण्याची कसोटी वापरावी. धावताना मूल दोन-चार शब्दांची वाक्यं बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, इतपत दम योग्य. एक शब्दही बोलता येत नसेल तर त्याला चालायला सांगावं. चक्कर, मळमळ, अंगावर काटा किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर थांबवावं, सावलीत न्यावं, पाणी द्यावं. आणि जो मुलगा 'सर, आज नाही जमत' असं वेळेवर येऊन सांगतो, त्याच्या त्या दिवसाच्या पाचही रकान्यांत बरोबरची खूण करावी. हा नियम वर्षाच्या पहिल्याच तासाला वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, नाहीतर कोणी येऊन सांगत नाही.